बाकी हप्ते नऊशे नव्याण्णव

गंगाबाईच्या कानात सगळ्यात जुना आवाज आहे तो तिच्याच लग्नातला. तिचं लग्न लावायला खाडीपलीकडून म्हातारी धवलारीण आली होती. कोळ्या-आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणते ती धवलारीण. तिनं म्हटल्याशिवाय हळद अंगाला धरत नाही. म्हातारीला दात नव्हते, पण गळा भरतीच्या पाण्यासारखा होता.

मांडवाच्या दारी गो आंब्याचा टाळा,
वडाच्या पारंब्याएवढं आयुष्य माझ्या बाळा.

बाळा म्हणजे नवरा मुलगा, बळीराम. तो गालात हसत होता आणि हळदीनं त्याच्या मिशा पिवळ्या झाल्या होत्या. गावात वड होता, पारंब्या मोजायला कुणी गेलं नव्हतं. पुढं बळीराम चव्वेचाळिसाव्या वर्षी धक्क्यावर जाळं विणता विणता मान टाकून बसला तो बसलाच. त्याचा बाप शेहेचाळिसात गेला होता, आजा त्याच्याही आधी. या घरच्या पुरुषांनी पन्नाशी ऐकली होती, पाहिली नव्हती.

गंगाबाई नंतर स्वतःच धवलारीण झाली. आवाज तोच, भरतीचा. पण वडाची ओवी आली की ती गिळायची आणि हळदीवरून सरळ तांदळावर जायची. बायका विचारायच्या, "गंगे, आयुष्याची ओवी कुटं गेली गो?"

"जिची मना खात्री नाय ती मी कशी म्हनू?" ती म्हणायची. "उद्या पोरगी येऊन इचारल, तर?"

गावची जमीन सरकारनं घेतली, मोबदला आला. तो मोबदला आणि वर बँकेचं दहा लाखांचं कर्ज असं मिळून दोन हजार पाचच्या जानेवारीत विचुंब्याला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. मोबदल्याचे पैसे गंगाबाईचे, म्हणून फ्लॅट मायलेकांच्या नावावर, आणि म्हणून कर्जाच्या कागदांवरही दोघांची नावं. मुलगा आनंदा बंदरात क्रेन चालवतो; आकाशात बसून कंटेनर उचलतो आणि दुसऱ्या आकाशाखाली ठेवतो. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. व्याज साडेसात टक्के, बदलतं. मुदत वीस वर्षं. हप्ता आठ हजार छप्पन्न.

आनंदाची पाळी बंदरात, रस्ता कंटेनरच्या गाड्यांचा, आणि जाणं-येणं मोटारसायकलवर. तो घरी येईपर्यंत गंगाबाई गॅलरीत उभी असायची. उन्हात, थंडीत, मच्छरात. सून दमयंती म्हणायची, "आये, आत या, ते येतील." गंगाबाई म्हणायची, "तो येईल गो, पन मना बगू दे." आनंदा वर आला की ती आत जाऊन पडायची. आनंदा चाळिशीकडे सरकत होता. घरात त्याचा वाढदिवस कुणी काढत नसे.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात बँकेचं एक पत्र आलं. व्याजदर एक जुलैपासून साडेसातचा साडेआठ झाला होता. दमयंतीनं घाबरून पासबुक उघडलं. तिथं नेहमीसारखे आठ हजार छप्पन्न वजा झालेले.

"हप्ता तर तोच आहे," ती म्हणाली. "मग वाढलं काय?"

पत्राबरोबर कर्जखात्याचं स्टेटमेंट होतं. पासबुक वेगळं आणि हे वेगळं, हे दमयंतीला त्या दिवशी कळलं. पासबुकात फक्त पैसे गेलेले दिसतात. गेलेल्या पैशांचं पुढं काय होतं ते तिथं नसतं. स्टेटमेंटच्या डोक्यावर उजवीकडे चौकट होती. व्याजदर साडेआठ. हप्ता आठ हजार छप्पन्न. आणि त्याखाली, बाकी हप्ते दोनशे अडुसष्ट.

"जून संपला तेव्हा दोनशे बावीस उरले होते," दमयंती बोटांवर हिशेब करत म्हणाली. "आता दोनशे अडुसष्ट. म्हणजे हप्ता वाढवला नाही, वर्षं वाढवली. जवळजवळ चार वर्षं."

गंगाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"कोनाची वर्सं?"

"आपल्या कर्जाची, आये. हे आता एकसष्ट वर्षांचे होईपर्यंत हप्ते भरणार."

"कोन म्हन्तं?"

"बँक."

"लिवून दिलंय?"

दमयंतीनं कागद पुढं केला. गंगाबाईला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. तिनं शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग ती उठली, खाली गेली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो पेढे घेऊन आली.

तिचा विचार सरळ होता. ती जन्मभर मासळीच्या धंद्यात वाढली होती. दलाल हंगामाआधी उचल देतो, पण कुणाला? ज्याची होडी दर्यात जाणार त्याला. फुटक्या होडीला दलाल चहासुद्धा पाजत नाही. मासळी विकणाऱ्या दलालाला जर एवढं कळतं, तर काचेच्या दारामागं थंड हवेत बसलेल्या माणसांना कळणार नाही? ज्या माणसाकडून एकसष्टाव्या वर्षी पैसे घ्यायचे ठरवलं, तो माणूस तेव्हा असणार हे बघितल्याशिवाय बँक असं छापील? धवलारीण काय, तांदूळ-नारळावर बोलते. बँक तारण घेऊन बोलते.

त्या रात्री आनंदा कामावर होता. गंगाबाई गॅलरीत आली नाही. अंथरुणावर पडली आणि झोपली. दमयंती तिचं घोरणं ऐकत जागी राहिली. लग्नापासून तिनं ते ऐकलं नव्हतं.

सकाळी आनंदाला कळलं तेव्हा तो हसून हसून लाल झाला. "आये, अगं ही बँक हाय, भगत नाय."

"भगत पैशे घेऊन खोटं बोलतो," गंगाबाई म्हणाली. "ही तर तुजेच पैशे घेनार हाय. खोटं बोलून तिचा काय फायदा?"

उपम्याचा घास खाऊन आनंदा झोपायला गेला.

मग गंगाबाईला बातम्यांचा नाद लागला. मोठ्या बँकेनं दर वाढवला असं टीव्हीवरचा टाय घातलेला माणूस म्हणाला की इमारतीत सुस्कारे ऐकू यायचे, आणि तिसऱ्या मजल्यावर गंगाबाई कपाळाला हात लावून नमस्कार करायची. दमयंतीनं तिला समजावलं होतं की बातमी आज आली तरी आपल्या कर्जाला नवा दर तिमाहीच्या पहिल्या तारखेलाच लागतो. तेव्हापासून गंगाबाई तिमाहीची पहिली तारीख संकष्टीसारखी लक्षात ठेवू लागली.

दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये दर पावणेदहा झाला. नव्या स्टेटमेंटच्या चौकटीत हप्ता तोच. बाकी हप्ते चारशे सहा.

"किती वर्सं?"

"पावणेचौतीस," दमयंती हळूच म्हणाली. "हे चौऱ्याहत्तरीत जातील तेव्हा संपेल."

या वेळी पेढे एक किलो आले आणि मजल्यामजल्यावर वाटले गेले. दुसऱ्या मजल्यावर शाळेत शिकवणारा गुरुदत्त राहायचा. त्याचं कर्ज दुसऱ्या बँकेचं. तो पेढा हातात धरून म्हणाला, "मावशी, पेढे कसले? माझा हप्ता बाराशेनं वाढवला त्यांनी. मुदत होती तिथंच ठेवली."

गंगाबाईनं त्याच्याकडे फार मायेनं पाहिलं. "मुदत नाय वाढवली?"

"नाही ना."

"नुसतेच पैशे घेतले?" तिनं आणखी एक पेढा त्याच्या हातावर ठेवला. "खा रे बाबा. तू गोड खात जा."

गुरुदत्तची बायको सुनंदा दाराआड ऐकत होती. गुरुदत्तला रक्तदाबाची गोळी होती. दोन दिवसांनी ती नवऱ्याला न सांगता त्याच्या बँकेत गेली आणि म्हणाली, "आमचा हप्ता कमी करा आणि वर्षं वाढवा." तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, त्यात एकूण व्याज फार जास्त जाईल." सुनंदा म्हणाली, "जाऊ दे. माणूस राहील."

इमारतीत मग बायकांचं बोलणं बदललं. पूर्वी विचारायच्या, तुमचा हप्ता किती? आता विचारू लागल्या, तुमच्यांचे बाकी किती? तळमजल्यावरच्या वसुंधराबाईंचं कर्ज न बदलणाऱ्या व्याजाचं होतं, वीस वर्षांचं, जसं होतं तसं. त्यांना कुणी काही बोललं नाही, पण हळदीकुंकवाला त्यांच्या ओटीत एक नारळ जास्त पडू लागला.

आनंदा हे सगळं जेवताना ऐकायचा आणि पोट धरून हसायचा. दमयंती मात्र हसेनाशी झाली. तिनं स्टेटमेंटची पुढची पानं बघायला सुरुवात केली होती. चौकटीखाली महिन्यांच्या ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीत हप्त्याचे दोन भाग. पहिल्या वर्षी आठ हजार छप्पन्नातले दीड-दोन हजार मुद्दलात जात होते. नव्या दरानं व्याज सात हजार सातशे पंचावन्न, मुद्दल तीनशे एक. आठ हजार भरून कर्जातून तीनशे रुपये कमी.

"अवो," ती आनंदाला म्हणाली, "आपण बँकेत जाऊन हप्ता वाढवून घेऊ या. तुमचा पगार वाढलाय. हजार-दीड हजार झेपेल."

"पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात त्याची पाळी बदलली. मग बंदरात बोटी खोळंबल्या. मग पितृपक्ष आला. एकदा दमयंतीनं त्याला बँकेच्या पायऱ्यांपर्यंत नेलं, तेव्हा त्याला आठवलं की मोटारसायकलची किल्ली गाडीलाच आहे. किल्ली खिशात होती. दमयंतीनं ती वाजताना ऐकली. तिला वाटलं, आईच्या झोपेसाठी करतोय.

दोन हजार आठच्या ऑगस्टमध्ये बँकेतून फोन आला. आनंदानं आणि सहकर्जदारानं शाखेत यावं. दर एक जुलैपासून सव्वादहा झाला होता. गंगाबाईनं लग्नाला नेसायचं लुगडं काढलं, केसांत अबोलीचा गजरा माळला आणि पिशवीत पेढ्यांचा पुडा घेतला. दमयंतीही बरोबर निघाली.

"आये, पेढे कशाला?" आनंदा म्हणाला.

"पयल्यांदाच बोलवलंय त्यांनी. रिकाम्या हातानं कसं जायाचं?"

नवीन पनवेलच्या शाखेत कर्जाच्या टेबलावर निशा नावाची अधिकारी होती. तरुण, चष्म्याची, सर्दी झालेली. तिनं पेढा घेतला, कारण न विचारता. मग कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"सर, प्रॉब्लेम असा आहे. दर वाढला की आमची सिस्टिम आधी हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते. तुमची मुदत वाढत वाढत निवृत्तीच्या वयापलीकडे गेली. खरं तर तिथंच कुणीतरी बघायला हवं होतं, राहून गेलं. पण आता मुदतसुद्धा वाढू शकत नाही. ही जुलैची ओळ बघा."

तिनं पेन्सिल पडद्यावर टेकवली. व्याज ८,११२. हप्ता ८,०५६.

"तुम्ही भरता त्यापेक्षा व्याजच छप्पन्न रुपयांनी जास्त आहे. हे छप्पन्न शिल्लक कर्जात मिळवले गेले. जूनपर्यंत शेवटच्या रकान्यातली रक्कम दर महिन्याला थोडी का होईना उतरत होती. जुलैत पहिल्यांदा चढली."

"मग बाकी हप्ते किती?" गंगाबाईनं विचारलं.

निशानं चौकटीकडे पाहिलं आणि नाक पुसलं. "तिथं नऊशे नव्याण्णव दिसतंय. पण तो आकडा नाहीये, आजी. उत्तर येत नाही तेव्हा सिस्टिम तसं दाखवते."

"दमे, किती वर्सं?"

दमयंती जमिनीकडे बघत म्हणाली, "त्र्याऐंशी."

"म्हंजे हा एकशे..."

"एकशे चोवीस," आनंदा म्हणाला. त्यानं हिशेब इतक्या पटकन कसा केला याचं दमयंतीला नवल वाटलं.

"आजी, नऊशे नव्याण्णवसुद्धा नाही," निशा समजावू लागली. "या दरानं, या हप्त्यानं हे कर्ज कधीच संपत नाही. कधीच."

गंगाबाईनं पदर सावरला. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून तिनं निशाला दोन्ही हात जोडले. ती इतक्या हळू बोलली की शेजारच्या टेबलावरचा शिक्के मारणारा थांबला.

"बाय माजी. कदीच नाय म्हंतेस?"

"कधीच नाही. म्हणून तर बोलावलं. हप्ता वाढवावा लागेल. साठीपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षांत संपवायचं तर साडेनऊ हजारांच्या आसपास येतो. नाहीतर काही रक्कम एकदम भरा, म्हणजे हप्ता कमी वाढेल. या अर्जावर सर सही करतील आणि आजी, तुमचा अंगठा इथं."

गंगाबाईनं हात मागं घेतले. "एकशे चोवीसाचे साठ करायचे, वर पैशे पन जास्ती?"

"आये," दमयंती कळवळून म्हणाली.

"गप गो. बाय, तू ऐंशी कर."

"आजी, असं नाही करता येत."

"पंच्याहत्तर. पयले चौऱ्याहत्तर तुमीच लिवून दिलं व्हतं. घरी हाय कागद."

"नियम साठचा आहे. सर साठला रिटायर होणार."

"सत्तर कर. जास्ती नाय मागत. सकाळची भवानी हाय तुजी."

निशानं चष्मा काढला. मागं रांग वाढत होती आणि रांगेतला एकजण म्हणाला, "अहो द्या ना त्यांना सत्तर." निशाला हसू आलं नाही. तिला हळूहळू कळत होतं की हा भाव कशाचा चाललाय.

"आजी," ती म्हणाली, "बँकेला नाही माहीत कोण किती जगणार. खरंच नाही माहीत. माहीत असतं तर कर्ज देताना तुमच्या मुलाचा विमा कशाला उतरवला असता? ही बघा फाइलमध्ये पॉलिसी. ते मध्येच गेले तर बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून. पहिल्याच दिवशी."

"पयल्याच दिवशी?"

"हो."

गंगाबाई पॉलिसीवरच्या शिक्क्याकडे बघत राहिली. अगदी तसाच शिक्का. तिनं त्याला अंगठा लावला नाही.

"म्हंजे तुमाला पन भ्या वाटतं," ती म्हणाली.

"सगळ्यांचाच उतरवतो, आजी," निशा म्हणाली. "माझ्या भावाचासुद्धा उतरवलाय."

पंख्यानं अर्जाचा कोपरा उचलला, आनंदानं तो बोटानं दाबून धरला. मग गंगाबाईनं स्वतःच शाईचा पॅड पुढं ओढला. अंगठा जांभळा करून तिनं तो कागदाच्या वर धरला आणि तसाच ठेवला.

"आनंदा," ती म्हणाली. "तू शिकलेला. माज्यावर हसायचास. दमी दीड वर्स पाठी लागलीय तुज्या, तवा का नाय आलास? माज्यासाटी असंल तर सांग. पन खरं सांग."

आनंदानं दमयंतीकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर, जिथं त्याची मोटारसायकल उभी होती.

"तुझ्यासाठी नाय, आये," तो म्हणाला. "पाळीवर निघायच्या आधी मी रोज ते स्टेटमेंट काढून बघायचो. बाबा चव्वेचाळीसला गेले, मी एकेचाळीसचा हाय. मला लय भीती वाटते. तिथं चारशे सहा लिहिलेलं असायचं, तेवढं वाचलं की मला गाडीला किक मारता यायची."